स्वल्पविरामाने चोवीस टन तांदूळ चोवीस किलो!

मी नागपुरात इंग्रजी-रशियन भाषांतरं करते. परवा मिहानच्या डेपोतून रशियाला जाणाऱ्या तांदळाचं इन्व्हॉइस हातात आलं. २५ किलोच्या ९८० बॅगा, नेट वजन 24,500 किलो, दर 0.62 डॉलर, एकूण 15,190.00 डॉलर.

शब्दांची भीती नव्हती, आकड्यांची होती. रशियनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजार सुटे करायला मोकळी जागा सोडतात. म्हणजे 24,500 तसंच उतरवलं, तर तिथला माणूस साडेचोवीस किलो वाचणार! रशियन प्रतीत हवं 24 500, दर 0,62 आणि एकूण 15 190,00. आपली लाखाची मांडणी (1,25,000) तर तिथे आणखीच गोंधळात टाकते.

टाईप झालं की मी वजन गुणिले दर करून बघते. 24 500 गुणिले 0,62 बरोबर 15 190. जुळलं की पुढे.

मग वजनाचे रकाने. रशियन डिक्लेरेशनमध्ये ग्रॉस ३५ व्या, नेट ३८ व्या रकान्यात जातं. रिकामी बॅग १०० ग्रॅमची, म्हणून इथे ग्रॉस 24 598. पॅकिंग लिस्टशी ताडून घ्या.

एचएस कोडचे पहिले सहा आकडे दोन्हीकडे सारखेच, तांदळाला 100630. पुढे आपल्याकडे एकूण आठ, तिकडे दहा. उरलेले आकडे भाषांतरकाराने मनाने भरू नयेत. तिकडच्या ब्रोकरकडून लेखी घ्यावेत. त्यावर ड्युटी ठरते, बाबांनो!

कुणाचं इन्व्हॉइस अडलंय का? कमेंटमध्ये विचारा, पण खरेदीदाराचं नाव झाकून.