वहीच्या फोटोतून विक्रीचा हिशेब

घरगुती मसाले करणाऱ्या एका बचत गटाच्या वहीत चार महिन्यांच्या विक्रीचं असं पान आहे, असं धरू. आकडे रुपयांत आहेत.

| | जाने. | फेब्रु. | मार्च | एप्रिल |
|---|---|---|---|---|
| कांदा-लसूण मसाला | ६,२०० | ५,८०० | ९,४०० | ११,६०० |
| गोडा मसाला | ४,१०० | ४,३०० | ४,६०० | ५,००० |
| भाजणी | ५,२०० | ४,९०० | ४,७०० | ४,२०० |
| मेतकूट | २,३०० | २,२०० | १,९०० | १,६०० |
| कोकम सरबत | – | – | २,४०० | ४,००० |

या पानाचा फोटो काढून मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये 'Data From Picture' हा पर्याय वापरला, की आकडे रकान्यांत येऊन बसतात. फोटो काढताना वही सपाट ठेवावी, हाताची सावली पडू देऊ नये आणि तक्त्याचे चारही कोपरे चौकटीत घ्यावेत. छापील तक्ता बऱ्यापैकी नीट वाचला जातो, हाताने लिहिलेला कमी. देवनागरी अंक असतील तर ते स्वतः टाइप केलेले बरे. ज्या आकड्यांबद्दल ॲपला खात्री नसते ते ते तपासायला दाखवतं, पण चुकीचा आकडा खात्रीने वाचला गेला तर तो निसटतो.

म्हणून कसलाही सारांश काढण्याआधी महिन्याची बेरीज करून ती वहीतल्या बेरजेशी ताडून पाहावी. जानेवारीची बेरीज वहीत १७,८०० आहे आणि फोनवर १५,१०० येते. फरक २,७०० चा. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, की अंकांची अदलाबदल झाल्याची शंका घ्यावी, ही हिशेबनिसांची जुनी खूण आहे. इथे भाजणीचे ५,२०० हे २,५०० झाले आहेत. एप्रिलमध्ये नेमका ८,००० चा फरक आला, तर हजाराच्या जागचा एकच अंक चुकला असावा. हाताने लिहिलेला १ हा ९ सारखा दिसतो, त्यामुळे मेतकुटाचे १,६०० हे ९,६०० होऊ शकतात.

आकडे जुळले, की महिन्यांच्या बेरजा अशा: १७,८००, १७,२००, २३,००० आणि २६,४००. धंदा वाढतोय असंच वाटेल. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला भरला जातो आणि सरबतंही खपतात, तेव्हा ही वाढ साहजिक आहे. पण जानेवारीपेक्षा एप्रिलमध्ये वाढलेले ८,६०० आले कुठून, हे मालागणिक पाहिलं तर चित्र बदलतं. कांदा-लसूण मसाल्याने ५,४०० ची भर घातली, सरबताने ४,००० ची, गोड्या मसाल्याने ९०० ची. भाजणी १,००० ने आणि मेतकूट ७०० ने घसरलं. महिन्याच्या बेरजेत ही घसरण पार झाकली जाते. म्हणून दोन्ही सारांश शेजारी शेजारी ठेवूनच वाचावेत, असा माझा आग्रह आहे.

आता सगळ्यांत कमी खपणारा माल कोणता? चार महिन्यांची बेरीज पाहिली तर कोकम सरबत: ६,४००. मेतकूट ८,००० वर आहे. बेरजेवर विसंबणारा माणूस सरबत बंद करेल आणि तिथेच फसेल, कारण सरबत दोनच महिने विकायला होतं. म्हणून महिन्याची सरासरी काढावी. सरबताची ओळ सहावी असेल तर सूत्र असं:

```
=AVERAGE(B6:E6)
```

हे सूत्र रिकामे चौकोन सोडून देतं, पण शून्य मात्र मोजतं. जानेवारी-फेब्रुवारी रिकामे राहिले तर सरासरी ३,२०० येते. तिथे शून्य भरलं तर ती १,६०० होते. मेतकुटाची सरासरी २,००० आहे. म्हणजे वहीतल्या त्या दोन आडव्या रेघा फोनवर कशा उतरल्या, एवढ्यावर निकाल उलटतो. माल केलाच नसेल तर चौकोन रिकामा ठेवावा. माल दुकानात ठेवला आणि कुणी घेतला नाही, तरच शून्य लिहावं. हा फरक फोटोतून कळत नाही, तो वही लिहिणाऱ्या बाईंनाच विचारावा लागतो.

तेव्हा या पानावर कमकुवत ठरतं ते मेतकूट. त्याची सरासरी सगळ्यांत कमी आहे आणि चार महिन्यांत विक्री जवळपास ३० टक्क्यांनी घटली आहे. पण ते बंद करण्याआधी वहीत नसलेला एक रकाना जोडावा लागेल: खर्च वजा जाता सुटणारे पैसे. मेतकुटात शंभरामागे ३० रुपये सुटत असतील आणि भाजणीत १०, तर ८,००० च्या मेतकुटाने गटाला २,४०० रुपये दिले आणि १९,००० च्या भाजणीने फक्त १,९००. मग मेतकुटाआधी भाजणीचा भाव आणि दळणाचा खर्च तपासायला घ्यावा लागेल.