डावा पाय फक्त क्लचचा

पुण्यातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलचे सर नव्या शिकाऊंच्या हातात पहिल्या दिवशी एक पत्र ठेवतात. ‘गाडीत बसण्याआधी घरी खुर्चीत बसून वाचा,’ ही त्यातली पहिली ओळ. पॅडल तीन आणि पाय दोन, हा गोंधळ सर तिथेच निस्तरतात. डावा पाय फक्त क्लचचा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाचे, म्हणजे एका वेळी दोन्ही दाबले जाण्याचा प्रश्नच येत नाही.

पत्राचा मोठा भाग क्लचवर आहे, आणि ते योग्यच आहे. गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा याच पॅडलपायी. क्लच पूर्ण दाबला की इंजिन चाकांपासून सुटं होतं. सोडत आणला की मधली प्लेट फिरत्या फ्लायव्हीलवर घासत घासत पकड घेते. तो क्षण कसा ओळखायचा? इंजिनाचा आवाज किंचित खाली येतो, गाडी हलकेच थरथरते. ‘तिथे पाय थांबवा,’ सर लिहितात, ‘गाडी सरकू लागली की थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि मगच उरलेला क्लच सोडा.’ घाईने सोडला तर गचका बसून गाडी बंद. उलट चढावरच्या सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली, तर प्लेट झिजते आणि जळका वास येतो. तिथे हँडब्रेक ओढायचा.

गिअरचं चित्र नॉबवरच असतं. डावीकडे वर पहिला, खाली दुसरा. मध्ये वर तिसरा, खाली चौथा. उजवीकडे वर पाचवा. न्यूट्रलमध्ये सोडलेला लिव्हर आतल्या स्प्रिंगमुळे आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येतो. नवख्यांना हेच ठाऊक नसतं. दुसऱ्यातून तिसरा टाकताना ते लिव्हर मुठीत आवळून स्वतःकडे ओढतात आणि पाचवा पडतो. गाडी कुंथायला लागते. पाचव्यातून चौथ्यावर येताना लिव्हर डावीकडे रेटला तर त्याहून वाईट: दुसरा पडतो, आणि क्लच सोडताच इंजिन किंचाळतं, गाडीला जोराचा झटका बसतो.

सरांचा उपाय तळहाताचा आहे. पहिल्या-दुसऱ्यासाठी तळहात डावीकडे, अंगठा खाली, आणि लिव्हर आपल्यापासून दूर ढकलायचा. तिसऱ्या-चौथ्यासाठी हात नुसता मागेपुढे न्यायचा, आडवी दिशा स्प्रिंगवर सोडायची. पाचव्यासाठी तळहात उजवीकडे.

थांबताना बरेच जण आधी क्लच दाबतात. वेगात तसं केलं तर इंजिनाची अडवणूक सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आधी ब्रेक, वेग अगदी कमी झाला, इंजिन धडधडू लागलं, की क्लच.

रिव्हर्सची जागा मात्र सर लिहीत नाहीत. काही गाड्यांत तो पाचव्याच्या खाली असतो, तर काहींत पहिल्याच्याही डावीकडे, नॉबखालची कडी उचलून टाकायचा. ‘गाडी बदलली की आधी नॉब बघा,’ एवढंच लिहून ते गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्सला हात लावू नका, असं बजावतात.