पहिलीच्या पालकांसमोर चार मिनिटं

जूनच्या मध्यात शाळा उघडते आणि नव्या मुलांच्या पालकांसाठी मुख्याध्यापकांना दोन शब्द बोलावे लागतात. हे दोन शब्द पंचवीस मिनिटांचे कसे होतात, हे शिक्षकखोलीत कुणालाही विचारा. पाच मिनिटांच्या आत बसणारं आणि तरीही आपुलकीचं भाषण कसं उभं करायचं, ते एका उदाहरणावरून पाहू. खानदेशातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातली अनुदानित मराठी शाळा धरा. पहिलीचे दोन वर्ग, साठ-सत्तर पालक, वर पत्रे, बाहेर पाऊस आणि भाषण करणार आहेत मुख्याध्यापक बाई.

आधी वेळेचा हिशेब. मराठी शब्द लांब असतात, त्यात विभक्ती चिकटलेली असते. माइकवर, मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा बेतानं बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. स्वतःचा वेग काढायचा असेल तर वर्तमानपत्रातला मजकूर मोठ्यानं वाचा, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि शब्द मोजा. शंभर आले तर पाच मिनिटांत पाचशे बसतील, पण लिहायचे चारशेच. उरलेलं मिनिट रडणारं पोर, उशिरा आलेले आजोबा आणि शिट्टी मारणारा माइक यांचं.

या चारशेतले साठ-सत्तर शब्द सुरुवातीलाच उडतात, कारण आपल्याकडे व्यासपीठाला नमस्कार करायचा असतो. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, केंद्रप्रमुख, सरपंच, प्रत्येकाचं नाव आणि पद. ती नावं सूत्रसंचालकानं एकदा घेतलेली असतात, प्रास्ताविकात दुसऱ्यांदा येतात, मग मुख्याध्यापकांनी तिसऱ्यांदा घ्यायची गरज उरत नाही. ‘अध्यक्ष महाराज, संस्थेचे सर्व पदाधिकारी’ एवढ्यात मान राखला जातो. मात्र हे आदल्या दिवशी सचिवांच्या कानावर घालून ठेवावं, नाहीतर नाव राहिल्याचा राग वर्षभर पुरतो. दुसरी गोष्टही तेव्हाच ठरवून टाकावी: मुख्याध्यापकांचं भाषण दीपप्रज्वलनानंतर लगेच, सत्काराच्या आधी. शाल-श्रीफळ होईपर्यंत सहा वर्षांचं मूल मांडीवर थांबत नाही आणि मूल चुळबुळायला लागलं की आईचं लक्ष संपलं.

आता मजकूर. पालकाच्या डोक्यात शाळेची स्थापना, दहावीचा निकाल किंवा नवी संगणक खोली नसते. काल-परवापर्यंत अंगणवाडीत घराजवळ असलेलं मूल आता साडेदहा ते पाच नजरेआड जाणार. त्याला शू लागली तर ते कुणाला सांगेल? डबा खाईल का? कुणी मारलं तर? सुटल्यावर फाटकाबाहेर पळालं तर? एवढेच चार प्रश्न घेऊन माणसं बसलेली असतात. भाषणाचा मोठा भाग या प्रश्नांना द्यायचा. ‘शाळा हे मुलांचं दुसरं घर आहे’ या वाक्यानं आपुलकी येत नाही, कारण ते दरवर्षी सगळ्याच शाळांत म्हटलं जातं. ती येते संडास कुठे आहे हे नीट सांगितल्यानं.

सुरुवात अशी करता येईल:

‘नमस्कार. आई-वडील आलेत, काही ठिकाणी आजी-आजोबा आलेत, मामा-मावशीही दिसताहेत. सगळ्यांचं स्वागत. कामावर खाडा करून आलात, हे मला माहीत आहे, म्हणून मी थोडक्यात बोलते. आज इथे काही मुलं रडताहेत. रडू द्या. पहिल्या आठवड्यात रडणं आम्हाला नवीन नाही.’

इथे ‘पालकहो’ असं एकदाच म्हणून भागत नाही, कारण खानदेशात काय किंवा मराठवाड्यात काय, मुलाला आणायला-सोडायला पुष्कळदा आजीच येते. तिचा उल्लेख झाला की ती पदर सावरून नीट बसते. रडणाऱ्या मुलांचंही असंच. तो आवाज सभागृहात आहे. तो नसल्यासारखं करून बोललं तर त्या मुलांच्या आया ओशाळून बाहेर जातात आणि नेमक्या त्यांच्याच कामाचं बोलणं त्यांच्या कानावर पडत नाही.

मग मधला, सगळ्यात मोठा भाग:

‘पहिलीच्या दोन्ही वर्गांच्या बाई इथे आहेत. बाई, जरा उभ्या राहा. नीट बघून घ्या. आजपासून तुमचं मूल यांच्याजवळ असेल. वर्गाच्या शेजारीच मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आहेत. पहिले काही दिवस सुट्टी होण्याआधी मावशी मुलांना तिथे घेऊन जातील. चड्डी ओली झाली तर रागावणार कुणी नाही, दप्तरात एक जोड कपडे तेवढे ठेवा. दुपारी खिचडी गरम मिळते. जो खात नाही त्याच्याशेजारी बाई बसतात. शाळा सुटल्यावर मूल फाटकातून एकटं सोडलं जाणार नाही. न्यायला कोण येणार त्यांचं नाव आज बाईंकडे लिहून द्या. दुसरं कुणी आलं तर आम्ही आधी तुम्हाला फोन करू.’

यात एकही सजावटीचं विशेषण नाही हे लक्षात घ्या. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य मिळतं, हा आकडा मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत महत्त्वाचा असतो; आईला मात्र खिचडी गरम असते का आणि लाजरं पोर उपाशी राहणार नाही ना, एवढंच हवं असतं. पण इथे एक पथ्य आहे. जे खरोखर होणार आहे तेवढंच बोलायचं. मावशींचं पद रिकामं असेल तर ते वाक्य गाळा आणि मुलांना कोण नेणार ते ठरवून मगच सांगा. ‘आम्ही प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष देऊ’ हे आश्वासन एका वर्गात पस्तीस पोरं असताना आठवड्याभरात उघडं पडतं. खिचडीचं वाक्य रोज दुपारी खरं ठरतं.

मारण्याचा विषय टाळू नये, कारण आपल्याकडे तो उलट्या बाजूनं येतो. पुष्कळ वडील हात जोडून सांगतात, ‘बाई, मारलं तरी चालेल, पण शिकवा.’ त्यात शाळेवरचा विश्वास असतो. त्यांना दुखवायचं नाही आणि होकारही द्यायचा नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई केली आहे, पण भाषणात कलम वाचलं की ते परिपत्रक होतं. त्याऐवजी:

‘काही जण आम्हाला प्रेमानं सांगतात, मारा पण शिकवा. आम्ही शिकवू, मारणार नाही. या शाळेत मुलांवर हात उचलला जात नाही, टाकून बोललं जात नाही. तसं कधी घडलंच तर वाट बघू नका, थेट माझ्याकडे या. रोज साडेदहा ते अकरा मी कार्यालयात असते.’

शेवटच्या वाक्यातली वेळ फार कामाची. ‘माझं दार सदैव उघडं आहे’ म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांकडे कुणी फिरकत नाही, कारण सदैव म्हणजे कधी ते कळत नाही. शिवाय ते मुख्याध्यापक दुपारभर पंचायत समितीत बसलेले असतात.

यानंतर एक न बोललेली शंका उरते: मराठी शाळेत घातलं, इंग्रजीचं काय? शेजारच्याचं मूल टाय लावून पिवळ्या बसमधून जातं आणि आपण चूक तर करत नाही ना, ही बोच इथे बसलेल्या निम्म्या लोकांना असते. तिच्यावर इंग्रजी शाळांना नावं ठेवण्याचा उतारा कामाचा नाही. त्या घरातलं थोरलं भावंड तिकडेच शिकत असू शकतं. दोन-तीन वाक्यं पुरतात:

‘इंग्रजी पहिलीपासून आहे, रोज आहे. बाकीचं मूल आपल्या भाषेत शिकेल. घरी अहिराणी बोलत असाल तर बोलत राहा, मूल वर्गात अहिराणीत बोललं तर बाई त्याला हसणार नाहीत.’

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 सालापासून आहे, तरी अजूनही ते पालकांना मुद्दाम सांगावं लागतं. अहिराणीच्या वाक्याचा परिणाम मात्र वेगळा होतो. बाईंसमोर पोरगं ‘गावठी’ बोललं म्हणून आई त्याला कोपरानं ढोसते, हे प्रवेशाच्या वेळी टेबलापाशी बसणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे. मुख्याध्यापक बाईंना येत असेल तर त्यांनी एखादं वाक्य अहिराणीतच बोलावं. येत नसेल तर ओढूनताणून बोलू नये, लोक हसतात आणि तेही चांगल्या अर्थानं नाही. हेच मेळघाटात कोरकूला आणि तांड्याजवळच्या शाळेत गोरमाटीला लागू.

गणवेश, दप्तराचं वजन, आधार, बँक खातं, उशिराचे नियम यांचा भाषणाशी काही संबंध नाही. ते एका पानावर छापून दारात द्यावं. सूचनांची यादी सुरू झाली की आवाज आपोआप चढतो आणि आत्तापर्यंत जवळच्या वाटणाऱ्या बाई पुन्हा मुख्याध्यापक होतात.

शेवटाला टाळ्यांचं वाक्य नको, पुढे काय करायचं ते हवं. पहिल्या दिवसाचा सगळा गोंधळ मूल सोडून निघण्याच्या क्षणी होतो. आई मुलाची नजर चुकवून पसार होते, मुलाला ते दोन मिनिटांनी कळतं आणि दुसऱ्या दिवशी ते फाटकातच पाय रोवून उभं राहतं. म्हणून:

‘आता आपण वर्गात जाऊ. मुलाला त्याच्या जागेवर बसवा, बाईंना भेटा. निघताना लपून जाऊ नका. त्याला सांगा, खिचडी खाल्ली की मी न्यायला येते, आणि निघा. ते रडेल, तरी निघा. खिडकीशी थांबू नका. पहिला आठवडा शाळा अर्धा दिवसच आहे. दुपारी वेळेवर या, उशीर करू नका. चला.’

‘साडेबाराला येते’ असं न म्हणता ‘खिचडी खाल्ली की’ म्हणायचं, कारण सहा वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, खिचडी कळते. वेळेवर येण्याचं वाक्य दोनदा म्हटलं तरी चालेल.

हे सगळं कागदावरून वाचू नये. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर ‘आजी-आजोबा, बाई, संडास, खिचडी, फाटक, मार, इंग्रजी, निघताना’ एवढेच शब्द मोठ्या अक्षरात लिहावेत. आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात शिपाईदादांना मागच्या रांगेत बसवून एकदा बोलून बघावं आणि त्यांना विचारावं, मूल न्यायला कुणी यायचं ते कळलं का. कळलं नसेल तर ते वाक्य बदला. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला तर माइकचाही भरवसा नसतो. तेव्हा खाली उतरून पालकांच्या मधोमध उभं राहणं बरं. आणि पाहुणे उशिरा आल्यामुळे बाईंना दोनच मिनिटं मिळाली, तर इंग्रजी गाळावी, मार गाळावा, पालक वर्गात जातील तेव्हा ते बोलता येतं. बाईंना उभं करून दाखवणं, फाटक आणि निघताना काय सांगायचं, हे तीन तेवढे सोडू नयेत.