दोन 'ब-2' आणि तीन ओळी

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रगतिपत्रक घरी येतं. आई बस चुकेल या घाईत सही करते, बाबा रात्री आल्यावर नुसती श्रेणी बघतात. म्हणून आता काही वर्गशिक्षिका पालकांच्या फोनवर सारांश धाडतात, तीन ओळींचा. कल्पना चांगली आहे. पण त्या तीन ओळी पत्रकावरून लिहायच्या नसतात, पत्रकामागच्या नोंदवहीवरून लिहायच्या असतात.

उदाहरणादाखल चौथीतली एक मुलगी घेऊ. गणितात 68 गुण, मराठीत 68. दोन्हीकडे 'ब-2', कारण 61 ते 70 गुणांना ती श्रेणी मिळते. पत्रकावर बहुधा एवढंच छापलेलं असतं आणि पालकांना वाटतं, दोन्ही विषय सारखेच, बरे आहेत.

आता नोंदवही उघडू. राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात चौथीला 60 गुण आकारिक, म्हणजे वर्गातलं काम, तोंडी उत्तरं, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय यांचे. आणि 40 गुण संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे. त्या 40 मध्येही 10 तोंडी-प्रात्यक्षिकाचे आणि 30 लेखीचे. या मुलीचे गणिताचे आकारिक गुण 51, तोंडी 10 पैकी 9 आणि लेखी 30 पैकी 8. मराठीत आकारिक 38, तोंडी 4, लेखी 26. बेरीज दोन्हीकडे 68 च, पण एका विषयात ती बोलते आणि लिहीत नाही, दुसऱ्यात लिहिते आणि बोलत नाही.

बाईंनी इथेच सारांश लिहिला तर 'गणिताच्या लेखीकडे लक्ष द्यावे' एवढंच हाती लागेल. त्याचा घरी उपयोग काय? एकदा उत्तरपत्रिका काढून बघावी लागते. तिथे दिसतं की मांडून दिलेल्या बेरजा-वजाबाक्या बरोबर आहेत आणि शाब्दिक उदाहरणांच्या जागा कोऱ्या आहेत. वाचता येत नाही म्हणावं, तर मराठीच्या लेखीत 26 मिळवणारी ही मुलगी. म्हणजे अडतं ते बेरीज करायची की गुणाकार, हे ठरवताना. तोंडी परीक्षेत ही अडचण झाकली गेली, कारण प्रश्न वाचताना बाई 'एकूण' या शब्दावर नकळत जोर देतात. आकारिक गुणांत प्रकल्पाचेही गुण आहेतच, आणि प्रकल्प घरी कोण करतं ते आपण सगळे जाणतो.

मग तीन ओळी अशा होतात:

'मराठी छान लिहिते. गणितात बेरीज-वजाबाकी पक्की आहे.
शाब्दिक उदाहरण आलं की कोणती क्रिया करायची ते ठरवता येत नाही, म्हणून कोरं सोडते.
रोज एकच उदाहरण तिला मोठ्याने वाचू द्या आणि काय दिलंय, काय काढायचंय एवढंच लिहून घ्या. उत्तर आलं नाही तरी चालेल.'

मराठी तोंडीतले 4 गुण यात नाहीत, आणि ते मुद्दाम. वर्गात बोलतं करणं हे बाईंचं काम; घरी कळवलं की 'बोल ना गं, शाळेत का बोलत नाहीस' सुरू होतं आणि मूल आणखी मिटतं. तीन ओळींत घरी करण्यासारखी एकच गोष्ट मावते. दोन घातल्या की एकही होत नाही, असं माझं मत.

गणिताचीच निवड का, यालाही कारण आहे. 2023-24 पासून राज्यात पाचवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही जमलं नाही तर पुन्हा पाचवीच. त्या परीक्षेत लेखी कच्चं राहून चालत नाही.

पोकळ सारांश ओळखायचा कसा? मुलाचं नाव झाकून ओळ वाचावी. 'अभ्यासात सातत्य ठेवावे', 'प्रगती समाधानकारक' ही वाक्यं शेजारच्या मुलालाही तशीच्या तशी बसतात. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या शिक्षकांमध्ये फिरतात. पन्नासेक मुलांचं लिहिताना त्यातून उचललं जातं, आणि त्यांना तरी किती बोल लावायचा! अशी ओळ आली तर पालकांनी भांडू नये, फक्त विचारावं: 'बाई, हे तुम्हाला कोणत्या कामात दिसलं?' वही किंवा उत्तरपत्रिका दाखवता आली तर ओळ खरी.

सारांश वर्गाच्या ग्रुपवर टाकू नये, त्या पालकांच्याच नंबरवर पाठवावा. आणि तो पहिल्या सत्रानंतरच पाठवावा. वार्षिक निकालासोबत आलेल्या तिसऱ्या ओळीचं कुणी काही करत नाही. तोवर गावी जायच्या पिशव्या भरलेल्या असतात.