हॅनोव्हरचे वार्तापत्र : मुदत, नोटीस आणि पोच

जर्मनीविषयी आपल्याकडे जे समज रूढ आहेत त्यांत एक असा की, हा देश कायद्याचा असल्यामुळे येथे ग्राहकाला कोणी अडवीत नाही आणि नको झालेली सेवा एका दूरध्वनीनिशी बंद करता येते. महाराष्ट्रातून येथे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी येणारी तरुण मंडळी हाच समज बरोबर घेऊन येतात, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत व्यायामशाळा, इंटरनेट, वीज किंवा विमा यांपैकी कोणता तरी करार संपविण्याची वेळ आली म्हणजे तो समज त्यांना बराच महागात पडतो. येथे कायदा ग्राहकाच्या बाजूला आहे हे खरे. परंतु तो तारखेच्या आणि कागदाच्या आधारे बाजूला उभा राहतो, आणि ज्याच्यापाशी या दोन्ही गोष्टी नाहीत त्याची कैफियत ऐकून घेण्यास तो बांधलेला नाही.

मला या विषयावर लिहिण्यास प्रवृत्त केले ते आमच्या महाराष्ट्र मंडळातील दोन तरुणांच्या हकिकतीने. एक कोल्हापूरचा अभियंता, दुसरा नाशिकचा विद्यार्थी. दोघे एकाच घरात राहात आणि एकाच व्यायामशाळेत जात. अभियंत्याने तेथला करार १ नोव्हेंबर २०२१ पासून २४ महिन्यांसाठी केला होता. मुदत संपण्यापूर्वी तीन महिने लेखी नोटीस पोचली नाही तर करार आणखी एक वर्ष आपोआप वाढेल, असे कलम त्या छापील कागदात होते, आणि त्या काळी अशी कलमे सर्रास असत. म्हणजे मुदत ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी संपणार आणि नोटीस ३१ जुलैपर्यंत पोचली पाहिजे. ऑगस्टच्या मध्यास त्याला म्युनिकमध्ये चांगली नोकरी मिळाली. त्याने त्याच दिवशी पत्र पाठविले, नव्या नोकरीचे नेमणूकपत्र जोडले, आणि शहरच सोडून जात असल्यामुळे आपल्याला मोकळे करावे अशी विनंती केली. उत्तर चार ओळींचे आले : पत्र मिळाले, मुदत टळली आहे, करार ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी संपेल.

आपल्याकडे अशा प्रसंगी मनुष्य प्रत्यक्ष जाऊन भेटतो, मालकाशी चार शब्द बोलतो, कोणा समाईक ओळखीच्या माणसाला मध्ये घालतो आणि बहुधा काहीतरी तोड निघते. येथे आमचा अभियंता तसाच जाऊन भेटला. काउंटरवरील मुलगी अत्यंत सौजन्याने बोलली, तिने त्याला म्युनिकसाठी मनापासून शुभेच्छाही दिल्या, परंतु तारीख एक दिवसानेही हलली नाही. त्याला हा निव्वळ हटवादीपणा वाटला. तथापि याच प्रश्नाचा निकाल कार्ल्सरूह येथील संघराज्याच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१६ मध्येच दिलेला आहे, आणि योगायोग असा की तो खटलाही हॅनोव्हरच्या एका व्यायामशाळेचाच होता. सैन्यात दाखल झाल्यामुळे कीलला आणि पुढे रोस्टोकला जावे लागलेल्या एका गृहस्थाने करार मुदतीपूर्वी सोडू पाहिला, तेव्हा न्यायालयाने असे ठरविले की, व्यवसायामुळे गाव बदलणे ही ग्राहकाच्या स्वतःच्या आयुष्यातील घडामोड आहे, तिचा भार करारातील दुसऱ्या पक्षावर टाकता येत नाही. दीर्घ आजारामुळे व्यायाम अशक्य झाला तर गोष्ट वेगळी. इंटरनेटच्या बाबतीत मात्र नव्या पत्त्यावर ती सेवा मिळतच नसेल तर एका महिन्याच्या नोटिशीने सुटका करून घेण्याचा हक्क दूरसंचार कायद्याने दिलेला आहे. व्यायामशाळेला तो लागू नाही.

आता नाशिकच्या विद्यार्थ्याची गोष्ट पाहा. त्याने त्याच व्यायामशाळेशी करार केला तो १ नोव्हेंबर २०२२ पासून बारा महिन्यांचा. मधल्या काळात कायदा पालटला होता. १ मार्च २०२२ पासून होणाऱ्या ग्राहक-करारांत मुदतीअखेरची नोटीस एका महिन्याहून अधिक मागता येत नाही, आणि नोटीस दिली नाही तरी करार पुढे वर्षभरासाठी नव्हे तर केवळ बेमुदत चालू राहतो व एका महिन्याच्या सूचनेने केव्हाही संपविता येतो. जुन्या करारांना ही सवलत लागू केली गेली नाही. म्हणून एकाच छताखाली, एकाच यंत्रावर व्यायाम करणाऱ्या दोघांपैकी एक जण वर्षभर अडकला आणि दुसऱ्याला फार तर एका महिन्याचे पैसे जादा जाण्याची धास्ती उरली. मला हा भेद अन्यायाचा वाटतो. जे कलम विधिमंडळाने अनुचित ठरविले ते जुन्या करारांतही निदान पुढच्या नूतनीकरणापासून रद्द व्हावयास हवे होते.

विद्यार्थ्याने सप्टेंबरच्या प्रारंभी जे पत्र लिहिले ते मी मुद्दाम मागून घेतले, कारण त्याचा मसुदा आपल्या लोकांनी पाहण्यासारखा आहे. वर स्वतःचे नाव, पत्ता, सभासद क्रमांक व तारीख. आणि खाली एवढेच : ‘आपल्याशी झालेला माझा सभासदत्वाचा करार मी करारातील नोटिशीच्या कलमानुसार ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, आणि ते शक्य नसल्यास त्यानंतरच्या सर्वांत जवळच्या तारखेस, संपवीत आहे. हे पत्र मिळाल्याचे व करार कोणत्या तारखेस संपतो हे मला लेखी कळवावे. माझ्या खात्यातून रक्कम वळती करून घेण्याचा अधिकार त्या तारखेपासून मी काढून घेत आहे.’ कारण नाही, गाऱ्हाणे नाही, विनंतीही नाही. ‘त्यानंतरच्या सर्वांत जवळच्या तारखेस’ हे शब्द त्यात अत्यंत मोलाचे आहेत, कारण तारखेचा हिशेब चुकला तरी त्यांच्यामुळे पत्र निरर्थक ठरत नाही.

येथेच आपली आणि यांची वृत्ती वेगळी पडते. आपण ज्याचे पैसे भरतो त्याच्याकडेसुद्धा अर्ज करतो. ‘सेवा बंद करण्याची कृपा व्हावी’ असे लिहितो, आणि समोरच्याने ‘मंजूर’ म्हटल्याखेरीज सुटलो असे मानीत नाही. जर्मन दिवाणी संहितेत, जी १ जानेवारी १९०० पासून अमलात आहे, करार संपविणे हे एका पक्षाचे निवेदन आहे. ते दुसऱ्या पक्षाच्या हाती पोचले की परिणाम घडतो, त्याला त्याची संमती लागत नाही. मग लेखी पुष्टी मागावयाची कशासाठी, असे कोणी विचारील. ती पत्राला बळ यावे म्हणून नव्हे. पत्र पोचले, आणि शेवटची तारीख दोघांनाही एकच मान्य आहे, याचा पुरावा हाती असावा म्हणून.

याचे महत्त्व पुढच्याच आठवड्यात दिसून आले. व्यायामशाळेचे उत्तर आले की आपली सूचना ‘नोंदविली’ आहे, ती पूर्ण करण्यासाठी कृपया अमुक क्रमांकावर दूरध्वनी करावा. अशा दूरध्वनीवर सवलतीचा भाव देऊन गिऱ्हाईक परतविण्याचा प्रयत्न होतो, आणि बोलण्याच्या ओघात एखादा होकार निघून गेला तर नवा करार झाल्याचे पत्र घरी येते. विद्यार्थ्याने दूरध्वनी केला नाही. त्याने दुसरे पत्र लिहिले की, पहिल्या पत्रानेच करार संपत आहे, दूरध्वनीची आवश्यकता नाही, पुष्टी लेखी पाठवावी. ती आली.

पत्र पोचल्याच्या पुराव्याविषयी आपल्या वाचकांना एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे, कारण आपण सारे रजिस्टर ए. डी.वर विसंबत आलेले लोक आहोत. आपल्याकडे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार योग्य पत्त्यावर टपालहशील भरून रजिस्टर केलेले पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचले असेच गृहीत धरले जाते. जर्मनीत तसे नाही. सहीची पोच मागणारे रजिस्टर पत्र घेण्यास कार्यालयात कोणी नसेल तर टपालवाला चिठ्ठी टाकून जातो, पत्र टपाल कचेरीत पडून राहते आणि तोवर ते पोचले असे धरीत नाहीत. मुदत तेवढ्यात टळू शकते. म्हणून जाणते लोक दुसऱ्या प्रकारचे रजिस्टर पत्र पाठवितात, जे टपालवाला सरळ पेटीत टाकतो आणि टाकल्याची तारीख नोंदवितो. साधे ई-पत्रही २०१६ च्या ऑक्टोबरपासूनच्या बहुतेक ग्राहक-करारांना चालते, परंतु ते पोचल्याचे शाबीत करणे पाठविणाऱ्यावर येते.

घरच्या व्यवहाराशी तुलना करताना मला दोन्हीकडचा राग येतो. आपल्याकडे दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, गल्लीतला केबलवाला यांच्याशी करार तोंडी होतो आणि तोंडीच संपतो, आणि त्यात जी माणुसकी आहे ती या शहरात मला कोठेही आढळली नाही. पण तोच पुण्या-मुंबईचा मनुष्य मोठ्या कंपनीच्या इंटरनेट जोडणीतून बाहेर पडू पाहतो तेव्हा त्याला प्रथम तक्रार क्रमांक मिळतो, मग राउटर न्यायला येणाऱ्या माणसाची वाट पाहावी लागते, आणि राउटर गेल्यावरही पुढचे बिल येतच राहते, कारण जोडणी अमुक तारखेस बंद झाली असे सांगणारा कागद त्याच्यापाशी नसतो. कचेरीच्या आवक कारकुनाकडून अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घेण्याची शिस्त ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या होती त्याच समाजाने खाजगी कंपन्यांपुढे ती सोडून द्यावी, हे मला समजत नाही. शेवटी वैतागून आपण बँकेलाच पैसे देऊ नको म्हणून सांगतो. येथेही खात्यातून वळती झालेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत परत मागता येते, आणि आपली मुले तोच मार्ग धरतात. परंतु त्याने देणे बुडत नाही, उलट स्मरणपत्रे, वसुली संस्थेचा खर्च आणि पतनोंदीवर डाग एवढे मात्र पदरी पडते, आणि मग घर भाड्याने मिळणेही कठीण होते.

जुलै २०२२ पासून जर्मनीने आणखी एक पाऊल टाकले आहे. जो व्यापारी ग्राहकांना संकेतस्थळावर असे करार करू देतो त्याने तेथेच करार संपविण्याचे स्पष्ट बटण ठेवले पाहिजे, आणि ते दाबल्यावर निवेदनाचा मजकूर, ते मिळाल्याची तारीख व वेळ, आणि करार संपण्याची तारीख यांची पुष्टी ताबडतोब पाठविली पाहिजे. बटण नसेल तर ग्राहक कोणत्याही मुदतीशिवाय केव्हाही करार सोडू शकतो. आमच्या मुलांची व्यायामशाळा करार काउंटरवरच करीत असे, म्हणून तिला हे लागू नव्हते.

भारतातही नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ग्राहकांना वर्गणीच्या जाळ्यात अडकवून ठेवण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, याचा मला आनंद आहे. त्यांच्या जोडीला करार संपल्याची तारीख लेखी देण्याची सक्ती आली पाहिजे, आणि ती ग्राहक पंचायतींनी आग्रहाने मागितली पाहिजे. तोपर्यंत सेवा सोडताना नोटिशीच्या कलमाचा उल्लेख करून पत्र लिहावे, शेवटची तारीख लेखी मागावी, आणि ती हाती येईपर्यंत राउटर घरातून जाऊ देऊ नये.