एक मूर्ती, पाच सूचना

दिवाळी उलटली की पेणच्या कारखान्यांत पुढच्या वर्षीच्या गणपतीचं काम सुरू होतं. हमरापूर, जोहे, कळवे या गावांतही तेच. जुने साचे तपासायचे, मातीचा अंदाज घ्यायचा आणि एखादं नवं मॉडेल काढायचं. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात असंच एक मॉडेल फिरत्या पाटावर ठेवलेलं होतं. पंधरा इंची, बैठं, शाडूचं. ओलं फडकं बाजूला केलं की मूर्ती दिसायची आणि पाहणारा लगेच काहीतरी सांगायचा.

लालबागचे व्यापारी म्हणाले, आशीर्वादाचा हात आणखी वर आणि बाहेर घ्या, दागिने भरगच्च करा. साचा करणारे दादा म्हणाले, हात जेवढा अंगाजवळ ठेवाल तेवढं बरं. आखणी करणाऱ्या ताईंना डोळे लहान वाटले आणि दागिने फार वाटले. रोह्याच्या दुकानदार शेठना मूर्ती हलकी आणि पाट अरुंद हवा होता. टेंपोवाल्याचं एकच म्हणणं होतं, पाटाच्या बाहेर काही येऊ देऊ नका.

पाचही माणसं वर्षानुवर्षं याच धंद्यात आहेत, त्यामुळे कुणाचंही बोलणं उडवून लावता येत नाही. आणि पाचही सूचना एकाच मूर्तीत बसत नाहीत.

या कारखान्याच्या मूर्तिकार काकांनी पूर्वी एकदा सगळ्यांचं ऐकून पाहिलं होतं. त्या वर्षीच्या मॉडेलचा मुकुट एकाच्या सांगण्यावरून इंचभर वाढवला. दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे पाट इंचभर कमी केला. तिसरा म्हणाला, पाठीमागचा लोड काढा, माती वाचेल; तोही काढला. एकेक बदल वेगळा पाहिला तर त्यात खोट नव्हती. पण मुकुटामुळे वजन वर गेलं, पाटामुळे बूड आक्रसलं आणि लोड गेल्यामुळे मागचा टेका नाहीसा झाला. वाळलेली मूर्ती फळीवर ठेवली की जरा धक्का लागताच मागे कलायची. तोवर साचा तयार झाला होता. तो साचा आजही माळ्यावर पडून आहे.

यातली खरी चूक तिन्ही सूचना मानण्याची नव्हती. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळे होकार दिले गेले आणि तिन्ही बदल झाल्यावर पूर्ण मूर्ती कशी उभी राहील हे कुणी पाहिलंच नाही, ही चूक होती. तेव्हापासून काका कुणालाही जागच्या जागी ‘करतो’ असं म्हणत नाहीत. एक लांबट वही केली आहे. त्यात चार रकाने: काय सांगितलं, कोणी सांगितलं, का सांगितलं, काय ठरलं. शेवटचा रकाना सगळ्यांचं ऐकून होईपर्यंत कोराच राहतो.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो आपोआप भरत नाही, कारण माणसं सहसा अडचण सांगत नाहीत, थेट उपाय सांगतात. हात वर घ्या, हा उपाय झाला. काकांनी व्यापाऱ्यांना विचारलं, ‘शेठ, तुम्हाला नेमकं काय खटकलं?’ ते म्हणाले, दुकानात मूर्ती फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या असतात, गिऱ्हाईक समोरून चालत जातं, आणि या मूर्तीचा तळवा त्याला दिसतच नाही. काकांनी पाट फिरवून समोरून पाहिलं. तळवा खरोखरच थोडा तिरपा होता. समोरून त्याची नुसती कड दिसत होती.

साचेवाल्या दादांनाही तसंच विचारलं. शाडूची मूर्ती इथे प्लास्टरच्या तुकड्यांच्या साच्यात माती दाबून काढतात. प्लास्टर मातीतलं पाणी ओढून घेतं, माती जराशी घट्ट होते आणि मग साच्याचे तुकडे एकेक करून बाजूला करायचे. हात अंगापासून सुटा आणि पुढे वळलेला असला तर त्याच्यामागे साच्याचा तुकडा अडतो. तो ओढताना ओली मनगटं तडकतात. नाहीतर हात वेगळा काढून मागाहून जोडावा लागतो, आणि वाळताना माती आकसली की पहिली चीर त्या सांध्यालाच पडते. दादांना हाताची उंची खटकत नव्हती, हातामागची पोकळी खटकत होती. टेंपोवाल्याला ना उंचीचं देणंघेणं होतं ना पोकळीचं. पेंढा भरून मूर्ती शेजारी शेजारी लावल्या की पाटाच्या बाहेर आलेलं बोट शेजारच्या मूर्तीवर आपटतं, एवढीच त्याची काळजी.

तीन अडचणी एका ओळीत लिहिल्यावर उत्तर समोर आलं. कोपर होतं तिथेच अंगाला टेकवून ठेवलं, फक्त मनगट वळवून तळवा सरळ समोर आणला आणि तो किंचित रुंद केला. हातामागची पोकळी मातीनं भरून तिथे उपरण्याची घडी दाखवली. त्यामुळे समोरून तळवा पुरता दिसतो, साच्याचा तुकडा सरळ निघतो आणि बोटं पाटाच्या आतच राहतात. यात कुणाचीच सूचना जशीच्या तशी मानलेली नाही, तरी तिघांचंही काम झालं. पुष्कळदा भांडण उपायांत असतं, गरजांत नसतं, आणि ‘का’ विचारल्याशिवाय ते कळत नाही.

डोळ्यांचं तर ठरवावंही लागलं नाही. आखणी ताईंच्या हातची. पापणीच्या कडेपासून बुबुळापर्यंत कुंचला फिरवायला किती जागा लागते ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ज्याच्या हातून ते काम व्हायचं, त्याचा शब्द त्या कामापुरता शेवटचा, हा काकांचा नियम आहे. आणि ‘त्या कामापुरता’ हे ते आवर्जून सांगतात. ताई हाताच्या उंचीबद्दल काही म्हणाल्या असत्या, तर ते ऐकून वहीत लिहिलं गेलं असतं, पण त्याला वजन मात्र चारचौघांच्या मताएवढंच मिळालं असतं. व्यापाऱ्यांनाही हाच नियम. सगळ्यात जास्त नग तेच उचलतात, म्हणून त्यांचा प्रत्येक शब्द झेलण्याचा मोह मोठा असतो. पण गिऱ्हाइकाची नजर कुठे जाते हे त्यांना कळतं. साचा कुठे अडेल हे सांगणं त्यांचं काम नव्हे.

दागिन्यांवर मात्र खरी ओढाताण होती. व्यापाऱ्यांना भरगच्च हवे होते. ताईंचा हिशोब असा की प्रत्येक कोरलेल्या मण्याला कुंचला लावावा लागतो आणि श्रावणात कामाची झुंबड उडते तेव्हा तेवढा वेळ नसतो. इथे काकांनी दुसराच प्रश्न विचारला: हे आत्ताच ठरवायला हवं का? मूर्तीची बैठक, सोंडेचं वळण, पोटाचा घेर एकदा साच्यात गेले की गेले, नंतर बदल नाही. रंग आणि सजावट मात्र नगागणिक बदलता येतात. म्हणून गळ्याशी एकच ठसठशीत हार कोरला आणि छाती गुळगुळीत ठेवली. मुंबईच्या नगांवर दागिने वरून चढवायचे, तेही विसर्जनाआधी उतरवून घेता येतील असे. रोह्याचे नग तसेच रंगवायचे. ज्या वादाचा निकाल साच्यानंतरही लावता येतो, त्यासाठी साचा अडवून ठेवायचा नाही. आजवर मी ज्या बैठका पाहिल्या त्यांत निम्म्याहून जास्त वेळ अशाच मागाहून ठरणाऱ्या गोष्टींवर गेलेला पाहिला आहे, बहुतेक रंगावर, कारण रंगावर कुणालाही बोलता येतं.

एक आवाज या पाचांत नव्हता, तो कायद्याचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे 2020मध्ये मूर्तींसाठी सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. जानेवारी 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांची अंमलबजावणी करायला सांगितलं. जूनमध्ये अशा मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक मिळाली, पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही, या अटीवर. पेणच्या कारखान्यांची त्या सहा महिन्यांत काय घालमेल झाली ते मी पाहिलं आहे. या मॉडेलपुरतं काकांनी माती आधीच ठरवून टाकली होती. ‘शाडू’ हा शब्द त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर, रकान्यांच्या वर लिहिला होता. जी अट आहे ती सूचनांच्या रांगेत उभी करायची नाही. केली तर दर आठवड्याला तिच्यावर नव्यानं वाद होतो.

आणि नेमकी तीच अट रोह्याच्या शेठच्या सूचनेला आडवी आली. मूर्ती हलकी का हवी? कारण त्यांची गिऱ्हाइकं घरचा गणपती रिक्षात मांडीवर घेऊन किंवा मोटारसायकलवर मागे धरून गावोगाव नेतात. पुष्कळ घरांत आता म्हातारी माणसंच असतात, त्यांना पंधरा इंची शाडूची मूर्ती उचलवत नाही. कारण अगदी खरं. पण शाडूची मूर्ती आतून पोकळ असली तरी तिची भिंत बोटभर जाड ठेवावी लागते. पातळ केली की गळ्याशी, जिथे जाड-बारीक एकत्र येतं तिथे, वाळताना भेग जाते. हलकेपणा आणि टिकाऊपणा यांच्यामध्ये तळव्यासारखी वाट निघत नव्हती. कुणाला तरी नाही म्हणावं लागणार होतं.

काकांनी निरोप न धाडता स्वतः रोहा गाठलं. वाळवताना तडकलेला एक जुना तुकडा सोबत नेला, त्याच्या भिंतीची जाडी शेठना दाखवली आणि म्हणाले, ‘शेठ, तुमची अडचण मला कळली. पण या मूर्तीत ती सुटत नाही. तुमच्यासाठी हीच मूर्ती नऊ इंचात काढतो.’ पाट अरुंद करायलाही नकार दिला. माळ्यावरचा साचा आठवत होता. शेठ थोडे नाराज झाले. पण नऊ इंचीचे नग त्यांनी लिहून दिले. नाही म्हटल्याचं दुःख माणसाला फार दिवस राहत नाही. आपलं ऐकलं की नाही हेच कळलं नाही, तर मात्र ते राहतं.

माघात पहिले सहा नग निघाले. सावलीत वाळवले आणि न रंगवताच पेंढ्यात भरून पेणहून रोह्याला पाठवले, त्याच टेंपोतून परतही आणले. हाताला काही झालं नव्हतं. गळे शाबूत होते. सहापैकी दोन मूर्तींचा मात्र उजवा कान टोकाशी तुटला होता. कानाबद्दल पाचांपैकी एकानंही काही म्हटलं नव्हतं. समोरून तो सुंदर दिसत होता आणि मागून किती पातळ झाला आहे ते पाहायला कुणी पाट पुरता फिरवलाच नव्हता.

काकांनी मॉडेलवरचं फडकं पुन्हा काढलं, कानाच्या मागच्या बाजूला मातीचा थर चढवला आणि साच्याचा तेवढाच तुकडा दादांकडून नव्यानं करून घेतला. मग वही उघडून नवी ओळ लिहिली. ‘कोणी सांगितलं’ या रकान्यात लिहिलं, ‘रस्त्यानं’.