दहाच्या पटीतला कर आणि उपकराचे पैसे

फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा-कॉलेजांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या आस्थापना विभागात आयकराचे हिशेब अजूनही कागदावर होतात. डावीकडे उत्पन्न, उजवीकडे रक्कम, खाली कर, त्याखाली उपकर आणि शेवटी ‘भरायची रक्कम’. कागद हातात आला की आपण थेट तळाचा आकडा पाहतो आणि तो दहाच्या पटीत दिसला की सगळं बरोबर असणार असं धरून चालतो. माझं सांगणं असं की तळाचा आकडा पाहून काहीच सिद्ध होत नाही. हिशेबात पैसे कुठे सोडले आणि दहा कुठे केले, ते पाहावं लागतं.

आयकर कायदा १९६१ मध्ये दहाच्या पटीचा नियम दोनच ठिकाणी येतो. कलम २८८ए एकूण उत्पन्नासाठी आहे आणि कलम २८८बी शेवटी भरायच्या किंवा परत मिळायच्या रकमेसाठी. दोन्हींची रीत एकच. आधी पैसे सोडून द्यायचे, मग उरलेल्या रुपयांचा शेवटचा अंक पाहायचा. तो पाच किंवा त्याहून मोठा असेल तर वरच्या दहावर जायचं, लहान असेल तर खालच्या दहावर यायचं. या दोन टोकांच्या मधे, म्हणजे टप्प्याटप्प्याचा कर, त्याची बेरीज आणि उपकर काढताना, दहाच्या पटीचा काही संबंध नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो, पण आर्थिक वर्ष २०२५-२६ चा हिशेब जुन्याच कायद्याने होणार. म्हणून पुढचं सगळं उदाहरण त्याच वर्षाचं घेतो.

पैसे सोडायचे म्हणजे खरोखर सोडायचे. साठ पैसे असले म्हणून रुपया वाढवायचा नाही. बहुतेक चुका इथेच होतात आणि त्यामागे जुनी सवय आहे. २००६ पर्यंत कलम २८८बी कराची रक्कम जवळच्या रुपयापर्यंत आणायला सांगत असे, आणि पन्नास किंवा जास्त पैसे असतील तर पुढचा रुपया धरला जाई. त्या वर्षी कलम बदललं आणि रुपयाच्या जागी दहा आले, पैसे सोडायची रीत आली. पण जुन्या हाताला वळण पडलेलं होतं, आणि पुढच्या लिपिकाने ते मागच्याच्या कागदावरून उचललं.

एक हिशेब पूर्ण करून पाहू. कॉलेजातल्या एका अध्यापिकेचा वर्षाचा पगार १५,४८,३७२ रुपये धरा, नवी करप्रणाली. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की उरतात १४,७३,३७२. मुदत ठेवीचं व्याज १८,४६३.५० आणि बचत खात्याचं ३,१२९.१०. सगळी बेरीज १४,९४,९६४.६०.

आता या आकड्यावर थांबा. साठ पैसे सोडले की १४,९४,९६४. शेवटचा अंक चार, म्हणून एकूण उत्पन्न १४,९४,९६०. ज्याने साठ पैशांचा आधी रुपया केला त्याच्याकडे ९६५ झाले, शेवटचा अंक पाच आला आणि उत्पन्न १४,९४,९७० वर गेलं. एकच आकडा दोनदा राउंड केल्यामुळे दहा रुपये वाढले. पगार, ठेवीचं व्याज, बचतीचं व्याज असं प्रत्येक रकमेला वेगवेगळं दहाच्या पटीत आणणारेही असतात. तेही चूक आहे, कारण कायदा फक्त एकूण उत्पन्नाबद्दल बोलतो.

कर काढणं सरळ आहे. पहिल्या चार लाखांवर काही नाही, चार ते आठ लाखांवर पाच टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारा लाखांवर दहा टक्क्यांनी ४०,०००. बारा लाखांच्या वरचे २,९४,९६० रुपये पंधरा टक्क्यांत येतात, त्यांचा कर ४४,२४४. एकूण कर १,०४,२४४ रुपये शून्य पैसे. त्यावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर ४,१६९ रुपये ७६ पैसे. दोन्ही मिळून १,०८,४१३.७६.

कॉलेजने पगारातून वर्षभरात १,०५,०४६ रुपये कापले आहेत. बँकेच्या व्याजावर टीडीएस नाही, कारण रक्कम मर्यादेच्या बरीच खाली आहे. उरतात ३,३६७.७६. पैसे सोडून ३,३६७, आणि दहाच्या पटीत ३,३७०. एवढंच भरायचं. बाकी दहा हजारांच्या आत असल्यामुळे आगाऊ कर न भरल्याचं व्याज लागत नाही.

आता तोच कागद चुकीच्या हाताने लिहू. उत्पन्न १४,९४,९७० धरलं की कर येतो १,०४,२४५.५०. पैसे नकोत म्हणून लिपिकाने तो तिथेच दहाच्या पटीत आणून १,०४,२५० लिहिला. उपकर सुबक ४,१७०. एकूण १,०८,४२०, त्यातून टीडीएस वजा जाता ३,३७४, म्हणजे ३,३७०. तळाचा आकडा अगदी बरोबर! दोन चुका होऊनही उत्तर जुळलं. दुसऱ्या एखाद्याने उत्पन्न आणि कर नीट काढला, पण १,०८,४१३.७६ ला टीडीएस वजा करण्याआधीच १,०८,४१० केलं, तर त्याला मिळतात ३,३६४, म्हणजे ३,३६०. त्याची चूक एकच, तरी त्याचंच उत्तर चुकलं. म्हणून कागद तपासताना तळापासून वर जाऊ नये. मधल्या ओळींतले पैसे पाहावेत, ते बरंच सांगून जातात.

ते असं. एकूण उत्पन्न दहाच्या पटीत असेल तर पाच टक्के दराने दर दहा रुपयांना पन्नास पैसे कर येतो. दहा टक्क्यांनी एक रुपया, पंधरा टक्क्यांनी दीड, वीसने दोन, पंचवीसने अडीच, तीसने तीन. कोणत्याही टप्प्यात पाहा, करात पैसे असले तर ते पन्नासच असतील, नाहीतर शून्य. कराच्या ओळीत ६९ पैसे दिसले, तर उत्पन्न दहाच्या पटीत न आणताच कर काढला हे नक्की. आपल्याच उदाहरणात १४,९४,९६४.६० वर सरळ कर काढला, तर तो १,०४,२४४.६९ येतो. ६९ पैसे पाहूनच चूक कळते, गुणाकार पुन्हा करायची गरज नाही.

उपकरालाही अशीच खूण आहे. पन्नास पैशांचे चार टक्के म्हणजे दोन पैसे. तेव्हा उपकराचे पैसे नेहमी सम संख्येत यायला हवेत. ७६ चालतील, ७५ चालणार नाहीत. आणखी एक पडताळा मला फार उपयोगी वाटतो. उपकर हा कराचा पंचविसावा भाग, म्हणून कर आणि उपकर मिळून पंचविसाला एक याप्रमाणे सव्वीस भाग होतात. एकूण रकमेला २६ ने भागलं की उपकरच परत मिळाला पाहिजे. १,०८,४१३.७६ भागिले २६ करा, ४,१६९.७६ मिळतात. दर चुकला असेल, रिबेट वजा करण्याआधीच्या करावर उपकर लावला असेल किंवा जुन्या नमुन्यातला तीन टक्क्यांचा रकाना तसाच राहिला असेल, तर हा भागाकार जुळत नाही. तीन टक्क्यांचा उपकर कर निर्धारण वर्ष २०१८-१९ पर्यंतच होता, तो दोन आणि एक अशा दोन ओळींत लिहिला जाई. आता चार टक्क्यांची एकच ओळ आहे.

या खुणांना मर्यादा आहेत. उत्पन्न ९६० ऐवजी ९७० धरलेला कागद त्या सगळ्या पार करतो, कारण ९७० हीसुद्धा दहाचीच पट आहे. ती पहिली ओळ मूळ बेरजेशी ताडून पाहण्याला पर्याय नाही. शेअर विक्रीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर असेल तर पन्नास पैशांची खूण लागू होत नाही. पन्नास लाखांच्या वर अधिभार येतो, तिथेही पैशांचं हे गणित बदलतं.

उपकराचे पैसे तिथेच सोडले किंवा रुपया केले तर बिघडतं का? बहुतेक वेळा नाही. आपल्या उदाहरणात उपकर ४,१६९ लिहा की ४,१७०, भरायची रक्कम ३,३७० च राहते. पण टीडीएस १,०५,०४९ असता तर? अचूक हिशेबाने बाकी ३,३६४.७६, पैसे सोडून ३,३६४, म्हणजे ३,३६०. उपकर ४,१७० केला असेल तर बाकी ३,३६५, म्हणजे ३,३७०. कर पूर्ण रुपयांत असेल, तर बाकीचा शेवटचा अंक चार आणि त्यापुढे पैसे, असं असेल तेव्हाच उपकरातले पैसे दहा रुपयांचा फरक पाडतात. विवरणपत्रात रकमा पूर्ण रुपयांत भरायच्या असल्याने अशा वेळी हाताचा हिशेब आणि पडद्यावरचा आकडा दहाने वेगळे दिसू शकतात. तेव्हा सगळा हिशेब उलटसुलट करत बसू नये. अंक चार आहे का आणि मागे पैसे आहेत का, एवढं पाहावं.

मोठा फटका बसतो तो बारा लाखांच्या उंबरठ्यावर. पगारदाराचं एकूण उत्पन्न १२,००,००४.९० आलं असं धरा. पैसे सोडले, शेवटचा अंक चार, उत्पन्न १२,००,०००, पूर्ण रिबेट, कर शून्य. त्याच नव्वद पैशांचा रुपया केला तर उत्पन्न १२,००,०१० होतं आणि रिबेटची मर्यादा ओलांडली जाते. तक्त्याने कर ६०,००१.५० येतो. मात्र बारा लाखांवर जितकं उत्पन्न असेल त्याहून जास्त कर घेता येत नाही, ही सीमांत सवलत आहे. त्यामुळे कर दहा रुपये, उपकर चाळीस पैसे, एकूण १०.४० आणि भरायचे दहा. सवलत माहीत नसलेला लिपिक ६०,००१.५० वर २,४००.०६ उपकर लावून ६२,४०१.५६ काढतो आणि दहाच्या पटीत ६२,४०० रुपये पगारातून कापायला घेतो. दुसरा सवलत देतो, पण उपकर आधीच्या कराचाच ठेवतो, आणि दहा रुपये करावर २,४०० रुपये ६ पैसे उपकर लिहितो. पहिल्या कागदाला २६ चा भागाकार काही म्हणणार नाही, दुसऱ्याला तो लगेच अडवेल. पहिला कागद अडवायचा असेल तर नव्वद पैसे कुठे गेले, हे सर्वांत वरच्या ओळीतच पाहावं लागेल.